क्रेडिट नोट नको, पैसे द्या: सदोष साडीचे एक प्रकरण

साडीच्या किंवा कपड्यांच्या दुकानात दोष असलेली वस्तू परत न्यायला गेले की बहुतेक वेळा भांडण होत नाही. गल्ल्यावरचा माणूस हसून चहा मागवतो आणि म्हणतो, "काही काळजी करू नका ताई, पूर्ण रकमेची क्रेडिट नोट देतो." ऐकायला हे न्यायाचेच वाटते. रक्कम तीच असते आणि एक पैसाही कापलेला नसतो. पण खिशातून गेलेले पैसे खिशात येणे आणि त्याच दुकानात पुन्हा खरेदी करण्याचा हक्क मिळणे, या दोन गोष्टींत जो फरक आहे त्यावरच हे प्रकरण उभे आहे. खाली दिलेली घटना कोणा एका कुटुंबाची नाही. अशा तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून बांधलेले हे नमुना प्रकरण आहे.

काय घडले

नाशिकमधल्या एका बाईंनी भाचीच्या लग्नासाठी रेशमी साडी घेतली. साडीची किंमत १४,००० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी ७०० रुपये, एकूण १४,७००. त्यांपैकी १०,००० रुपये यूपीआयने दिले आणि ४,७०० रोख. बिल छापील होते आणि त्यावर खाली बारीक अक्षरांत तीन ओळी होत्या: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बदली फक्त सात दिवसांत. रोख परतावा मिळणार नाही.

सहाव्या दिवशी साडी फॉल-पिकोला गेली. फॉल लावणाऱ्या ताईंनी ती पूर्ण उलगडली आणि सुई लावायच्या आधीच हात थांबवला. निऱ्यांच्या भागात, काठापासून वीतभर आत, चार-पाच इंच लांबीच्या पट्ट्यात बाण्याचे धागेच नव्हते. नुसता ताणा दिसत होता आणि बोट लावले की जाळी पडत होती. दुकानात गादीवर साडी दाखवताना पदर उघडतात, काठ दाखवतात, बुट्टे दाखवतात. साडेपाच मीटर इंचाइंचाने कोणी पाहत नाही.

त्या ताईंनी फॉल लावला नाही, हे या प्रकरणातले पहिले नशीब. फॉल लागला असता तरी विणकामातला दोष फॉलमुळे झाला असे कोणी सिद्ध करू शकले नसते. पण "साडीला सुई लागली, आता आम्ही काही करू शकत नाही" हा नवा वाद उभा राहिला असता आणि मूळ मुद्दा त्याखाली दबला असता. म्हणून महागडी साडी फॉलला देण्याआधी घरीच खिडकीच्या उजेडासमोर धरून पूर्ण उलगडून पाहावी. पाठीमागून उजेड आला की विणकामातली तूट लगेच दिसते.

बाईंनी तिथेच फोटो काढले. एकात दोषाशेजारी शिंप्याची टेप ठेवलेली, एकात साडीला अजून लटकत असलेला दुकानाचा टॅग, एकात साडी आणि बिल एकत्र. साडी उलगडतानाचा छोटा व्हिडिओही घेतला. हे तीन फोटो पुढे जितके कामी आले तितके दुसरे काहीच आले नाही, कारण त्यांतून तीन गोष्टी एकदम ठरतात: साडी तीच आहे, ती वापरलेली नाही आणि दोष विणकामातला आहे.

पैसे देणे लागते की नाही, हे आधी ठरवा

व्हाउचर नाकारण्याआधी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा लागतो. दुकानदार आपल्याला पैसे देणे लागतो का?

साडीचा रंग घरी आल्यावर आवडला नाही, सासूबाईंनी नाक मुरडले, किंवा तशीच साडी दुसरीकडे स्वस्त दिसली, तर पैसे परत मागण्याचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. अशा वेळी दुकानदार बदली किंवा क्रेडिट नोट देतो तो त्याचा व्यवहारातला मोठेपणा, किंवा बिलावर त्याने स्वतः दिलेले आश्वासन. त्याला "मला रोखच हवे" म्हणून अडवणाऱ्या ग्राहकाला ग्राहक आयोगातही फारसे मिळणार नाही. आमच्या मते निम्मे वाद इथेच संपायला हवेत.

दोष असलेल्या मालाचे तसे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेण्यास आणि त्याची किंमत परत करण्यास नकार देणे ही त्यांतली एक. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. यात "किंमत परत करणे" असे म्हटले आहे, किमतीइतका माल पुन्हा विकणे असे म्हटलेले नाही. बिलावर "रोख परतावा नाही" छापले म्हणून कायद्याने सांगितलेली जबाबदारी पुसली जात नाही. मात्र बिलावरची मुदत दुर्लक्षू नये. या बिलावर बदलीपुरते का होईना, सात दिवस लिहिले होते, म्हणून बाई सातव्या दिवशीच दुकानात गेल्या. आठव्या दिवशी गेल्या असत्या तर हरल्याच असत्या असे नाही, पण दुकानदाराच्या हातात बोलायला एक मुद्दा आयता गेला असता.

जुना वस्तू विक्री कायदा, १९३० चा, इथे अजूनही उपयोगी आहे. त्यातल्या कलम १६ प्रमाणे व्यापाऱ्याने विकलेला माल बाजारात चालण्याजोगा असला पाहिजे, ही अट न लिहिताही करारात असते. ग्राहकाने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांना मात्र हे संरक्षण मिळत नाही. दुकानदार "तुम्ही बघूनच घेतली ना?" असे म्हणतो तेव्हा तो नकळत याच अपवादावर बोट ठेवत असतो. त्याला उत्तर असे: गादीवर दाखवलेल्या साडीत निऱ्यांच्या घडीतला दोष दिसणे अपेक्षित नव्हते.

आणि एक गोष्ट राहते, माल न वापरण्याची. दोष दिसल्यावर साडी एकदा नेसली तर आपण ती स्वीकारली असा अर्थ निघू शकतो. मग पूर्ण किंमत परत मागण्याची बाजू लंगडी होते आणि फक्त नुकसानभरपाईचा वाद उरतो. लग्न तोंडावर असले तरी ती साडी घडीतच राहिली पाहिजे.

गल्ल्यापाशी

सातव्या दिवशी दुकानात जे बोलणे होते ते जवळपास ठरलेलेच असते.

"शेठ, साडी सदोष आहे. हे बघा. मला पैसे परत हवेत."

"अहो वहिनी, हा एकच पीस होता. तशीच दुसरी देता येणार नाही. पण पूर्ण चौदा हजार सातशेची क्रेडिट नोट करतो. तीन महिन्यांत काहीही घ्या."

"तशीच साडी असती तर घेतली असती. आता मला दुसरे काही घ्यायचे नाही. रक्कम परत द्या."

"कॅश रिफंड आमच्या सिस्टीममध्येच नाही. आणि जीएसटी पण भरून टाकला. तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा द्या."

या चार वाक्यांत बाईंनी दोन गोष्टी अचूक केल्या. एक म्हणजे तशीच निर्दोष साडी मिळाली असती तर घेतली असती, हे त्यांनी बोलून दाखवले. आयोग किंमत परत देण्याऐवजी दोषरहित वस्तू बदलून देण्याचाही आदेश देऊ शकतो. म्हणून खरी, तंतोतंत बदली देऊ केली जात असताना ती हट्टाने नाकारणे शहाणपणाचे नाही. पण क्रेडिट नोट म्हणजे बदली नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी ओटीपी दिला नाही.

ओटीपीकडे लोक फार हलक्याने पाहतात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ६३ मध्ये असे आहे की ज्याला काही घेणे आहे तो ठरल्याप्रमाणे न घेता, त्याऐवजी स्वतःला योग्य वाटेल ते समाधान स्वीकारू शकतो. हा पर्याय त्याच्याच हातात असतो, देणाऱ्याच्या नाही. म्हणूनच दुकानाची सारी धडपड ग्राहकाची संमती दिसेल असे काहीतरी मिळवण्याची असते. क्रेडिट नोटच्या स्थळप्रतीवर सही, मोबाइलवर आलेला ओटीपी, "हिशेब पूर्ण झाला" असा शिक्का मारलेले जुने बिल. यांतले काहीही दिले की पुढे दुकानदार म्हणू शकतो, "आम्ही पैशांऐवजी नोट देऊ केली, त्यांनी घेतली, विषय संपला." तुम्ही तोंडाने दहा वेळा नको म्हटले होते याचा पुरावा मात्र कुठेच नसतो.

बाईंनी शांतपणे एवढेच सांगितले: "क्रेडिट नोट मला मान्य नाही. माल सदोष आहे, मूळ रक्कम परत हवी." मग बिलाच्या झेरॉक्सवर "सदोष साडी दाखवली, क्रेडिट नोट देऊ केली, ग्राहकाने नाकारली" असे लिहून तारीख आणि सही मागितली. शेठने सही केली नाही. बहुतेक करत नाहीत. पण मागणे सोडू नये, कारण कधी कधी नवा सेल्समन सहज करून देतो.

साडी ठेवून जा, मालकांना दाखवतो, असाही आग्रह झाला. बाई साडी घेऊनच परतल्या, आणि ते बरोबर होते. वस्तू विक्री कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे, माल नाकारण्याचा हक्क असलेल्या ग्राहकाने तो परत नेऊन देण्याची सक्ती नाही, नाकारल्याचे कळवले तरी पुरते. लेखी पोच न घेता साडी दुकानात ठेवली की पुरावा दुकानाच्या कपाटात जातो, आणि तिथून तो रफू होऊन बाहेर येऊ शकतो.

जीएसटीचा बागुलबुवा

"जीएसटी भरला, आता पैसे कसे परत देऊ" हे कारण इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते की शिकलेले लोकही गप्प बसतात. इथे एका नावाखाली दोन वेगळे कागद असतात. ग्राहकाला दिली जाते ती क्रेडिट नोट म्हणजे दुकानाचे व्हाउचर. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मधली क्रेडिट नोट हा कराचा कागद आहे. माल परत आला की दुकानदार ती काढतो आणि त्या विक्रीवरचा कर आपल्या देण्यातून कमी करून घेतो. त्यासाठी त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत वेळ असतो, वार्षिक विवरण त्याआधी भरले तर तोपर्यंत. ग्राहकाला रोख पैसे दिले म्हणून हा मार्ग बंद होत नाही. उलट माल परत घेऊन पैसे दिले की तो कागद काढायचाच असतो.

या प्रकरणात दुकानाने नंतर "७०० रुपये सरकारात गेले, १४,००० परत देतो" असा प्रस्तावही दिला. तो नाकारण्याचे कारण हेच. ते ७०० रुपये दुकानाला पुढच्या विवरणपत्रात वळते करून घेता येतात, मग ते ग्राहकाने सोसण्याचे कारण नाही.

न मागता जमा झालेले व्हाउचर

त्याच संध्याकाळी बाईंच्या मोबाइलवर संदेश आला की त्यांच्या नावे १४,७०० रुपयांचे स्टोअर क्रेडिट जमा झाले आहे, मुदत ९० दिवस. नंबर बिल करतानाच घेतलेला होता, त्यामुळे ओटीपीची गरजही पडली नाही.

इथे गप्प राहणे घातक ठरते. न मागता दिलेली गोष्ट नुसती पडून राहिली म्हणून संमती झाली असे नाही, पण महिनाभर काहीच बोलले नाही तर चित्र संमतीसारखे दिसू लागते. आणि त्यातून एखादा दोनशे रुपयांचा ब्लाउजपीस जरी घेतला तर मग खरोखरच कठीण. थोडे वापरून उरलेल्याचे पैसे मागणाऱ्या ग्राहकाला आधी स्वतःच्याच वागण्याचे उत्तर द्यावे लागते. म्हणून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे, कारण त्याच नंबरवर मुलगी किंवा जाऊबाई खरेदीला गेल्या तर बिलिंगवाला आपोआप ती रक्कम वळती करतो.

बाईंनी रात्रीच बिलावर छापलेल्या व्हॉट्सअॅप नंबरवर आणि ईमेलवर हा मजकूर पाठवला:

"आपल्या दुकानातून दि. ... रोजी बिल क्र. ... अन्वये घेतलेल्या साडीत विणकामाचा दोष आहे. फोटो सोबत आहेत. साडी वापरलेली नाही आणि मी ती नाकारत आहे. आज दुकानात आपण क्रेडिट नोट देऊ केली, ती मी स्वीकारली नाही. त्यानंतर माझ्या नंबरवर जमा केलेले १४,७०० रुपयांचे स्टोअर क्रेडिटही मला मान्य नाही. मी ते वापरणार नाही, कृपया रद्द करावे. १४,७०० रुपये परत मिळावेत: १०,००० ज्या यूपीआय खात्यातून आले त्यात आणि ४,७०० रोख किंवा त्याच खात्यात. रक्कम मिळताच साडी आपल्या ताब्यात देईन. १५ दिवसांत रक्कम न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन."

या मजकुरात धमकी नाही, "फसवणूक" हा शब्द नाही आणि मानसिक त्रासाचे वर्णनही नाही. शेठ चिडला की तो मुद्द्यावरून पत्रातल्या शब्दांवर जातो, म्हणून पत्र जितके कोरडे तितके बरे. साडी देण्याची तयारी मात्र लिहिलीच पाहिजे. नाहीतर पैसेही हवेत आणि साडीही ठेवायची आहे, असा आरोप होतो.

दोन दिवसांनी हाच मजकूर कागदावर, सहीसह, स्पीड पोस्टाने पोच घेऊन गेला. व्हॉट्सअॅपच्या दोन निळ्या खुणा पुराव्यासाठी ठीक आहेत, पण दुकानाच्या पत्त्यावर कागद पडला की तो मुनीमजींकडून मालकापर्यंत जातो.

हेल्पलाइन १९१५ आणि त्यापुढे

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही. बाईंनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदवली आणि नोंदणी क्रमांक लिहून ठेवला. या हेल्पलाइनकडून भलती अपेक्षा ठेवू नये. ती दावा दाखल होण्याआधी दोन्ही बाजूंत तोडगा काढून पाहते, पैसे देण्याचा आदेश देऊ शकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तक्रार थेट त्यांच्या यंत्रणेत जाते आणि बरेचदा लवकर सुटते. एकट्यादुकट्या दुकानाला मात्र नुसता निरोप जातो. तरी नोंद केलेली बरी, कारण आपण भांडायला नव्हे तर मिटवायला निघालो होतो हे त्यातून दिसते.

निरोप गेल्यावर दुकानातून फोन आला: १०,००० परत देतो, ४,७०० ची नोट घ्या. हा प्रस्ताव वाईट नाही असे कोणालाही वाटेल, आणि ज्याला वेळ नाही त्याने तो घेतला तर चुकले असेही नाही. फक्त तो घेताना "उरलेल्या रकमेचा हक्क राखून" असे लिहून घेतल्याशिवाय घेतला, तर उरलेल्यावर पाणी सोडले असे धरले जाऊ शकते. बाईंनी नाकारला.

मग जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी. तक्रार e-jagriti.gov.in या संकेतस्थळावर घरून दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९ च्या कायद्यानंतर ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार चालते. साडी येवल्याला घेतली असती आणि बाई ठाण्याला राहत असत्या तरी ठाण्यातच तक्रार देता आली असती. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

जोडायचे कागद मोजकेच: बिल, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक दिसणारा उतारा, दोषाचे फोटो, स्टोअर क्रेडिट जमा झाल्याचा संदेश, ते नाकारल्याचा संदेश, पत्र आणि पोच, आणि फॉल लावणाऱ्या ताईंचे प्रतिज्ञापत्र की साडी उलगडताच दोष दिसला आणि त्यांनी फॉल लावला नाही. यातले शेवटचे बहुतेकांना सुचत नाही. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि तिथे वेळ जातो. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या विणकामाच्या तुटीला त्रयस्थ माणसाची साक्ष आणि प्रत्यक्ष साडी बहुधा पुरते. रेशीम खरे की भेसळीचे, असा वाद असता तर प्रयोगशाळा टळली नसती.

मागणी लिहिताना हात आखडता घ्यावा. १४,७०० रुपये, त्यावर मागणीच्या तारखेपासून व्याज, त्रासापोटी आणि खर्चापोटी पटेल एवढी रक्कम. चौदा हजारांच्या साडीसाठी पाच लाखांची भरपाई मागितली की मूळ मागणीवरचाही विश्वास उडतो. प्रयोगशाळेची गरज नसलेली प्रकरणे तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि त्याहून जास्त वेळ लागतो. ही गोष्ट दुकानदारालाही माहीत असते, म्हणूनच तो थांबून पाहतो.

पैसे परत घेताना

या प्रकरणात तक्रारीचा मसुदा आणि जोडपत्रे दुकानाला ईमेलने पाठवल्यावर तडजोड झाली. दाखल करण्याआधी मसुदा पाठवणे ही चांगली सवय आहे. नुसते "कोर्टात जाईन" ऐकून कोणी हलत नाही, पण सहीला तयार झालेला कागद आणि त्याला जोडलेले फॉल लावणाऱ्या ताईंचे प्रतिज्ञापत्र पाहिले की आयोगात हजर राहण्याचा खर्च समोर दिसू लागतो.

देवाणघेवाण एकाच वेळी झाली. १०,००० रुपये यूपीआयने आले, खात्यात दिसल्यावर ४,७०० रोख मोजून घेतले, आणि मग साडी टॅगसह दिली. साडी देताना दुकानाकडून लिहून घेतले की बिल क्र. अमुक, सदोष माल परत, पूर्ण १४,७०० रुपये परत, पूर्वी जमा केलेले स्टोअर क्रेडिट रद्द. दुकानाने मूळ बिल मागितले, ते झेरॉक्स ठेवून दिले. बाईंनीही त्यांच्या बाजूने "रक्कम मिळाली, तक्रार नाही" असे लिहून दिले, पण पैसे हातात आल्यावर. आधी सही आणि नंतर पैसे, हा क्रम उलटा पडला की प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

दुकानाबाहेरची तीच गोष्ट

ऑनलाइन खरेदीत नाव बदलते, तिथे "वॉलेट क्रेडिट" असते. ऑनलाइन दुकानांच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना पेमेंट अॅग्रिगेटर म्हणतात. त्यांच्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत परतावा मूळ पेमेंट पद्धतीनेच द्यायचा, ग्राहकाने स्वतः दुसरी पद्धत मान्य केली असेल तरच ती वापरायची, असे आहे. म्हणून परताव्याच्या पानावर "झटपट वॉलेटमध्ये" हा पर्याय कधी कधी आधीच टिचकी मारून ठेवलेला असतो. ती टिचकी तशीच सोडून पुढे गेलात की तीच तुमची संमती म्हणून दाखवली जाते. तिथे "मूळ खात्यात" निवडा, आठवडाभर उशीर झाला तरी चालेल, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला या टॅक्सी कंपनीला सांगितले की परताव्यासाठी ग्राहकाला बँक खाते की कूपन हे निवडू द्या. त्याआधी कंपनी पुढच्या प्रवासाचे कूपनच देत होती. विमान प्रवासात यालाच क्रेडिट शेल म्हणतात, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत रक्कम शेलमध्ये ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचे, विमान कंपनीने परस्पर नाही, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात टाळेबंदीतल्या रद्द उड्डाणांसाठी क्रेडिट शेलला मुभा दिली होती, पण तीही आर्थिक अडचणीतल्या कंपन्यांपुरती, आणि शेलमधली रक्कम ठरावीक दराने वाढवून देण्याच्या अटीवर. आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत शेल वापरला गेला नाही तर पैसेच परत द्यायचे होते.

साडीच्या दुकानात हे दाखले देऊन फारसा उपयोग नाही. तिथे सातव्या दिवशी, टॅग न काढलेल्या साडीसह, मोबाइल खिशात ठेवून उभे राहावे आणि ओटीपी विचारला की देऊ नये.